फरशीखालचा माल: १२ गोण्या की २५?

प्रश्न: "जुना फ्लॅट घेतलाय, ६०० स्क्वेअर फूट. जुन्या फरश्या आणि खालचा माल काढून नवीन दोन बाय दोनच्या टाइल्स बसवायच्या आहेत. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो १२ गोण्या सिमेंट लागेल, दुसरा म्हणतो २५. दोघंही म्हणतात दोन इंचाचा बेड. यात खरं कोण आणि फसवतंय कोण?"

उत्तर:

कदाचित कोणीच फसवत नाहीये. १२ चा आकडाही दोन इंचांतून निघतो आणि २५ चाही. कसा, ते खाली दाखवतो. तुम्हाला दोघांकडून फक्त उत्तर मिळालं, गणित मिळालं नाही, आणि खरी गडबड तिथे आहे. गेली बावीस वर्षं मी घरांची दुरुस्ती-नूतनीकरणाची कामं करतोय. फरशीच्या मालावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, त्यातली बहुतेक "दोन इंच" या शब्दावरून झालेली होती.

आधी सरळ हिशेब करून घेऊ. क्षेत्रफळ ६०० स्क्वेअर फूट आणि बेड, म्हणजे टाइलखालचा सिमेंट-वाळूच्या मालाचा थर, २ इंच, म्हणजे एका फुटाचा सहावा भाग. ६०० ला ६ ने भागलं की १०० घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. हा झाला दाबून बसलेला, तयार माल. पण सिमेंट आणि वाळू कोरडी मोजून कालवली की आकारमान घटतं. सिमेंट वाळूच्या कणांमधल्या पोकळीत शिरतं, आणि पाणी पडून करणीखाली दाबला की माल आणखी बसतो. म्हणून १०० घनफूट तयार मालासाठी कोरडा माल साधारण १३० घनफुटांच्या आसपास धरावा लागतो. कोणी १.२७ ने गुणतं, कोणी १.३३ ने. फरशीखालचा माल अर्धओला टाकून पट्टीने दाबतात, म्हणून मी १.३३ घेतो. यावरून वाद घालू नका, या दोन आकड्यांत तुमच्या कामाला एका गोणीचासुद्धा फरक पडत नाही.

तर कोरडा माल १३३ घनफूट. प्रमाण १:६ असेल तर एकूण सात भाग. १३३ भागिले ७ म्हणजे १९ घनफूट सिमेंट. ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते, म्हणजे सव्वा घनफुटाला किंचित कमी, आपण सव्वा धरू. १९ भागिले सव्वा, म्हणजे १५ गोण्या. वाळू सहा भाग, म्हणजे ११४ घनफूट, सव्वा ब्रासच्या थोडी आत.

आता तुमचे दोन कॉन्ट्रॅक्टर. पहिल्याने १०० घनफुटांनाच सात भाग पाडले असतील, कोरड्या मालाची वाढ धरलीच नसेल, तर साडेअकरा गोण्या निघतात. तो १२ म्हणाला. किंवा वाढ धरली असेल आणि माल १:८ चा करायचं मनात असेल, तरीही पावणेबाराच येतात. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात त्याचं गणित चुकलंय आणि काम चालू असताना तो आणखी गोण्या मागेल. दुसऱ्यात त्याला कमी ताकदीचा माल घालायचाय आणि तो काहीच मागणार नाही.

दुसऱ्याने १:४ धरला असेल. १३३ ला पाच भाग पाडले की २१ गोण्या होतात. त्यात टाइलखाली ओतायच्या स्लरीचं, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटचं, सिमेंट मिळवलं की आकडा सरळ २५ च्या आसपास जातो. म्हणजे तोही खोटं बोलत नाही, फक्त जाड थरासाठी गरजेपेक्षा श्रीमंत, म्हणजे जास्त सिमेंटचा, माल धरतोय.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. १:४, १:६, १:८ यांत सिमेंट २१ वरून १५ आणि पुढे १२ वर येतं, पण वाळू १०६, ११४, ११८ घनफूट अशी जवळजवळ तिथेच राहते. त्यामुळे वाळूच्या ट्रॉल्या मोजून मालाचं प्रमाण कधीच कळणार नाही. ते फक्त सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवरून कळतं. मी गिऱ्हाइकांना सांगतो, रिकाम्या गोण्या भंगारवाल्याला देऊ नका, फरशी संपेपर्यंत गॅलरीत रचून ठेवा.

प्रमाण कोणतं घ्यावं, हे जाडीवर अवलंबून आहे. सरकारी कामांच्या स्पेसिफिकेशनमध्ये टाइलखाली २० मिलिमीटरचा १:४ चा थर असतो. तो पातळ आहे, म्हणून श्रीमंत. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये स्लॅब तितका सपाट कधीच नसतो, थर दोन इंचांवर जातो. तेवढ्या जाडीत १:४ टाकला तर खर्च वाढतोच, शिवाय जास्त सिमेंटचा थर सुकताना जास्त आकसतो आणि भेगा जाऊ शकतात. मी घरातल्या दीड ते अडीच इंचांच्या थराला १:६ ठेवतो. १:८ च्या वाटेला मी जात नाही.

"दोन इंच" म्हणजे नक्की कुठले?

खरा प्रश्न हा आहे, आणि यावर तुम्ही एक सकाळ घालवलीत तरी वसूल होईल.

जुनी फरशी आणि खालचा माल निघाल्यावर स्लॅब उघडा पडतो तेव्हा तो कुठे उंच, कुठे खोल असतो. आणि नव्या फरशीची पातळी तुम्ही ठरवत नाही. ती मुख्य दाराची चौकट, गॅलरीच्या स्लायडिंगची पट्टी आणि बाथरूमचा उंबरा यांनी आधीच ठरवलेली असते. या दोन पातळ्यांच्या मधे जे उरतं, तो तुमचा बेड. तो दर चार फुटांवर वेगळा असतो.

ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीतलं उदाहरण सांगतो. हॉल २० बाय १२, म्हणजे २४० स्क्वेअर फूट. पाण्याच्या लेव्हल पाइपने चारी भिंतींवर एक रेघ मारली, तयार फरशीच्या वर बरोबर ३ फूट. मग हॉलमध्ये नऊ ठिकाणी, तीन ओळींत तीन-तीन, रेघेच्या पातळीत दोरी धरून स्लॅबपर्यंत माप घेतलं. त्यातून ३६ इंच वजा केले, आणि टाइलच्या जाडीचे तीन सूत वजा केले. (ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी: इंचाचे आठ सूत. आमचे मिस्त्री अजून मिलिमीटरला दाद देत नाहीत.) उरलेला बेड असा आला: दाराकडच्या ओळीत सव्वा, दीड, दीड इंच. मधल्या ओळीत दोन, अडीच, सव्वादोन. गॅलरीकडे अडीच, पावणेतीन, पावणेतीन. नऊ आकड्यांची बेरीज १९ इंच, सरासरी २ इंच आणि जेमतेम एक सूत.

त्या हॉलला खरा माल लागला ४२ घनफूट. आधी आलेल्या एका ठेकेदाराने दारात उभं राहून टेप लावली होती आणि सव्वा इंच धरला होता, म्हणजे २५ घनफूट. गॅलरीत जाऊन मोजलं असतं तर पावणेतीन इंचाने ५५ घनफूट झाले असते. एकच हॉल, टेप तीच, पण गॅलरीतल्या मापाने दारातल्या मापाच्या दुपटीहून जास्त माल. प्रमाणातल्या आणि गुणकातल्या सगळ्या चुका यापुढे किरकोळ आहेत.

तुमच्या बाबतीतही हेच करा. प्रत्येक खोलीत किमान नऊ मापं, मोठ्या हॉलमध्ये बारा. प्रत्येक खोलीची सरासरी वेगळी काढा आणि त्या खोलीच्या क्षेत्रफळाने गुणा, सगळ्या घराची एकच सरासरी काढू नका. बेडरूम दीड इंचात आणि हॉल अडीच इंचांत, असं अनेकदा होतं. एखाद्या ठिकाणी बेड एक इंचाहून कमी येत असेल तर तिथे आधी स्लॅबचा उंचवटा छिनावा लागेल की फरशीची पातळीच सूत-दोन सूत वर घ्यावी लागेल, हे दारं कापायच्या आधी ठरवा.

क्षेत्रफळाबद्दलही एक शंका. ६०० हा आकडा तुम्ही करारातून घेतला असेल तर थांबा. हल्ली रेराच्या व्याख्येनुसार कार्पेट एरियामध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंतींखालची जागाही धरलेली असते, आणि जुन्या कराराचं तर विचारूच नका. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेपने मोजा. ओट्याखाली फरशी बसणार आहे की नाही, तेही ठरवा. स्कर्टिंगला बेड लागत नाही, त्यामुळे ती या हिशेबात नको. बाथरूमला उतार असतो आणि खाली वॉटरप्रूफिंग असतं, म्हणून त्याचा हिशेब मी नेहमी वेगळ्या कागदावर करतो. तुम्हीही तेच करा.

ओली वाळू

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे दमट वाळू. वाळूत थोडा ओलावा असला की कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि ढीग फुगतो. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण भिजलेली वाळू फुगत नाही, अधल्यामधल्या ओलाव्याची फुगते. बारीक वाळूत ही फूग चांगलीच मोठी होऊ शकते.

मोजायला यंत्र लागत नाही. सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या, तीत वाळू सैलसर टाकून वरून सपाट करा. समजा उंची ६ इंच आली. आता वाळू पूर्ण बुडेल इतकं पाणी ओतून काठीने ढवळा आणि खाली बसू द्या. वाळू ५ इंचांवर आली तर तुमची वाळू २० टक्के फुगलेली होती.

याचे दोन परिणाम. पहिला सगळ्यांना कळतो: ११४ घनफूट खरी वाळू हवी असेल तर फुगलेली १३७ घनफूट मागवावी लागेल. दुसरा सहसा कोणी पाहत नाही. मिस्त्री एका गोणीला सहा मापं वाळू घालतो, पण ती फुगलेली असल्याने खरी पाचच मापं पडतात. म्हणजे कागदावर १:६ आणि घमेल्यात १:५. मग १५ च्या जागी जवळजवळ १८ गोण्या जातात आणि तुम्ही मिस्त्रीवर संशय घेता. पावसाळ्यात काम असेल तर हे हमखास होतं. उपाय सोपा आहे, फूग २० टक्के असेल तर सहाच्या जागी सव्वासात मापं वाळू घालायला सांगा.

माप म्हणजे काय, तेही आधी ठरवा. "एका गोणीला अमुक घमेली" असं प्रत्येक मिस्त्री वेगळं सांगतो, कारण घमेली लहान-मोठी असतात आणि शिगेनुसार भरली जातात. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा ३५ लिटरचा होतो, म्हणजे एक गोणी सिमेंट. एक गोणी आणि सपाट भरलेले सहा फर्मे वाळू, की झाला १:६. फर्मा नसेल तर एक गोणी साइटवरच्या घमेल्यांत सपाट ओतून मोजा, आणि वाळू त्याच घमेल्याने तशीच सपाट मोजा.

स्लरी, आणि एका गोणीत दहा टाइल्स

बेड टाकला, पट्टीने लेव्हल केला, टाइल कोरडीच ठेवून रबरी हातोडीने ठोकून पातळी पाहिली, मग उचलली, बेडवर सिमेंटची स्लरी ओतली आणि टाइल परत बसवली. स्लरीशिवाय टाइल अर्धओल्या मालाला धरत नाही. मी स्लरीसाठी दर चौरस मीटरला ४ किलो सिमेंट धरतो. ६०० स्क्वेअर फूट म्हणजे ५५.७ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेचार गोण्या. त्याआधी स्लॅब धुऊन, भिजवून त्यावर पातळ स्लरी झाडूने मारायची असते, त्याला एक-दीड गोणी. तर बेडच्या १५ आणि स्लरीच्या सहा, मिळून २१, आणि सांडलवंडीसकट २२. बेड खरोखर सरासरी दोन इंच असेल आणि वाळूची फूग धरून माल मोजला असेल, तर तुमच्या घराचा आकडा हा आहे.

साइटवर पडताळायला मी एकच गोष्ट लक्षात ठेवतो. दोन इंच आणि १:६ ला बेडची एक गोणी ४० स्क्वेअर फूट भागवते, म्हणजे दोन बाय दोनच्या दहा टाइल्स. पहिल्या दिवशी संध्याकाळी बसलेल्या टाइल्स मोजा आणि बेडला फोडलेल्या गोण्या मोजा, स्लरीच्या वेगळ्या. गोणीला सात टाइल्स पडत असतील तर तिथला बेड तीन इंचांच्या जवळ आहे किंवा माल श्रीमंत होतोय. चौदा पडत असतील तर बेड दीड इंचाचा आहे, नाहीतर मालात सिमेंट कमी पडतंय. कोणतं, ते तुमच्या त्या खोलीतल्या नऊ मापांवरून लगेच कळेल. मापं घेतलेली नसतील तर फक्त वाद होईल.

माल एका वेळी एकाच गोणीचा कालवायला सांगा. सकाळी तीन गोण्यांचा ढीग करून दुपारी जेवून आल्यावर त्यात पाणी मारून परत वापरणं फार चालतं. दमट वाळूत सिमेंट तोवर धरायला लागलेलं असतं, पुन्हा पाणी मारून ती ताकद परत येत नाही. सहा महिन्यांनी टाइलवर नाण्याने टकटक केली की ढब-ढब आवाज येतो, आणि सगळे टाइलच्या कंपनीला दोष देतात. पोकळ आवाजाचं दुसरं कारण म्हणजे न दाबलेला बेड. सैल माल नंतर खाली बसतो, टाइल कडांवर उभी राहते आणि कोपऱ्यावर कपाटाचा पाय आला की तडकते. तिसरं कारण स्लॅबवर राहिलेली धूळ आणि मलबा. तुमचं तोडकाम नुकतंच झालेलं असेल, त्यामुळे याकडे विशेष बघा.

टाइल आणि वजन

तुमच्या टाइल्स विट्रिफाइड असतील तर त्या पाणी जवळजवळ शोषत नाहीत, म्हणून साध्या स्लरीची पकड त्यांना सिरॅमिकइतकी मिळत नाही. बजेट असेल तर बेड आधी लेव्हल करून, काही दिवस पाणी मारून पक्का होऊ द्या आणि टाइल ॲडेसिव्हने चिकटवा. तेव्हा बेड सूत-दोन सूत पातळ धरा. त्याचं गणित वरच्याच रीतीने होतं, पण टाइलखालच्या स्लरीच्या साडेचार गोण्या जातात, ॲडेसिव्हच्या बॅगा येतात आणि प्रमाण बदलल्याने बेडच्या गोण्या वाढतात. अशा उघड्या पृष्ठभागाला मी १:४ किंवा १:५ ठेवतो, कारण १:६ चा वरचा थर हाताने घासला तर वाळू सुटते आणि ॲडेसिव्ह त्या सुट्या वाळूला चिकटून बसतं.

वजनाचा मुद्दा मात्र तुम्ही विचारला नसला तरी सांगतो. दोन इंचांचा तुमचा १०० घनफूट माल साडेपाच टनांहून जास्त भरतो. जुनी फरशी आणि जुना माल काढून तेवढ्याच जाडीचा नवा टाकलात तर काळजी नाही, जितकं गेलं तितकंच आलं. पण बेड सगळीकडे आणखी एक इंच वाढवला तर स्लॅबवर पावणेतीन टनांचा जास्तीचा बोजा कायमचा बसतो. म्हणून मापं घेताना कुठे चार इंच खोल भाग सापडला, आणि जुन्या घरांत एखादी खोली अशी निघतेच, तर तो वाळू-सिमेंटने भरू नका. खाली एएसी ब्लॉकचे हलके तुकडे मालात बसवून दोन इंच उचलून घ्या आणि वर नेहमीचा बेड टाका. आणि जुन्या फरशीवरच नवी बसवा असा सल्ला कोणी दिला, तर बेड न टाकता ॲडेसिव्हनेच, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच.

आता दोघा कॉन्ट्रॅक्टरांना परत बोलवा. मापांचा कागद समोर ठेवा आणि विचारा: सरासरी जाडी किती धरली, प्रमाण काय, स्लरीचं सिमेंट यात आहे का. १२ वाला "स्लरी वेगळी, आणि प्रमाण १:६" म्हणाला तर त्याला कोरड्या मालाची वाढ समजावून द्या आणि आकडा सुधारून घ्या, माणूस कदाचित चांगला असेल. २५ वाला "१:४" म्हणाला तर १:६ ला किती कमी करतोस ते विचारा. रेट मजुरीचा वेगळा आणि सिमेंट-वाळू तुमची, असं ठरवता आलं तर उत्तम. सुरुवातीला १२ गोण्या आणि अर्धा ब्रास वाळू आणा, एक बेडरूम पुरी करा, गोण्या आणि टाइल्स मोजा, मग उरलेल्या घराची ऑर्डर द्या.